दुकानाच्या लीजचा सारांश – ऑफिस फाईलसाठी

मूळ करार 23 पानांचा आहे, रोजच्या कामाला हे पान बघा. वाद झाला तर मूळ करारच धरायचा, म्हणून कलम नंबर टाकलेत.

मुदत (कलम 2): 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2030. ताबा 1 एप्रिललाच मिळाला पण फर्निचरच्या कामासाठी 15 मेपर्यंत भाडं माफ होतं, म्हणजे भाडं 16 मे 2025 पासून सुरू.

भाडं (कलम 4): महिना 42,000 रुपये. मे 2025 चे 16 दिवसांचे 21,677 भरलेत. दर 1 एप्रिलला 5 टक्के वाढ आणि ती मुदतीच्या तारखेपासून मोजायची, भाडं सुरू झाल्यापासून नाही, त्यामुळे पहिला दर जेमतेम साडेदहा महिनेच चालतो. 2026 पासून 44,100, 2027 पासून 46,305, 2028 पासून 48,620, 2029 पासून 51,051. दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरायचं, 10 उलटली की वर्षाला 18 टक्के व्याज लागतं आणि तेही 5 तारखेपासून, 10 पासून नाही!

डिपॉझिट 2,52,000, बिनव्याजी. चावी दिल्यावर 30 दिवसांत परत.

मेंटेनन्स (कलम 6) महिना 3,150 वेगळा. मालक 30 जूनपर्यंत वर्षाचा हिशोब देतात, हरकत घ्यायची तर बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी, नाहीतर मान्य धरतात. लाईट बिल आपलं, प्रॉपर्टी टॅक्स मालकांचा.

लॉक-इन (कलम 14): आपल्याला 31 मार्च 2027 पर्यंत. नोटीस तीन महिन्यांची, पण लॉक-इन संपल्यावरच देता येते, म्हणजे 1 एप्रिल 2027 ला दिली तरी 30 जूनच्या आधी सुटका नाही. मालक मात्र पूर्ण पाच वर्षं बांधलेले आहेत, आपण भाडं थकवलं तरच काढू शकतात.

मुदतवाढ (कलम 16): आणखी 3 वर्षं मागायचा हक्क आहे, पण करार संपायच्या किमान 180 दिवस आधी लेखी कळवायचं, शेवटची तारीख 2 ऑक्टोबर 2029. ही चुकली तर हक्क गेला. ईमेल चालत नाही, रजिस्टर पोस्टनेच, आणि त्या तारखेला नुसतं टाकून भागत नाही, मालकांच्या हातात पडलेलं हवं. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर 1 सप्टेंबर 2029 चा लावलाय. वाढीव मुदतीचं भाडं करारात ठरलेलं नाही, ‘बाजारभावाने’ एवढंच लिहिलंय, तेव्हा घासाघीस होणारच.

दुरुस्ती: छत, भिंती, मुख्य पाईप मालकांचे. आतलं सगळं आपलं, एसीची सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा आणि बिलं जपून ठेवायची. इथे एक गोची आहे, कलम 9 म्हणतं लीकेज मालकांचं आणि परिशिष्ट ब म्हणतं टॉयलेटचं प्लंबिंग आपलं. याचा खुलासा लेखी मागितलाय, उत्तर आलेलं नाही, तोवर अशा कामाचा खर्च परस्पर करू नका.

इन्शुरन्स आपण काढायचा, रिन्यू झाल्यावर 15 दिवसांत कॉपी मालकांना. पोटभाडेकरू, भिंत तोडणं, बाहेरचा बोर्ड बदलणं, तिन्हीला लेखी परवानगी लागते.

मूळ करार लोखंडी कपाटात, स्कॅन ‘लीज 2025’ फोल्डरमध्ये.