कलम ७ : भाडेवाढ (गणपती पेठ, सांगली येथील तळमजल्यावरील दुकानगाळा)

७.१ सदर गाळ्याचे मासिक भाडे दिनांक १ एप्रिल २०२५ पासून रुपये १८,५०० (अक्षरी रुपये अठरा हजार पाचशे फक्त) ठरले आहे. ते दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल. ही वाढ पहिल्या वर्षाच्या १८,५०० वर नव्हे, तर लगतच्या मागील वर्षाच्या पूर्णांकित भाड्यावर काढायची आहे.

७.२ वाढ दरवर्षी १ एप्रिलपासून लागू होईल. पहिली वाढ १ एप्रिल २०२६ रोजी. फर्निचरच्या कामासाठी गाळ्याची किल्ली २० मार्च २०२५ रोजी दिली असली, तरी वर्ष किल्ली दिल्यापासून मोजायचे नाही, हे उभयतांना मान्य आहे. वाढीव रक्कम एप्रिल महिन्याच्या, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत द्यावयाच्या भाड्यापासूनच द्यायची आहे.

७.३ टक्केवारीने आलेली रक्कम शंभराच्या पटीत पूर्ण करायची. शेवटचे दोन अंक ५० किंवा त्याहून जास्त असतील तर वरचा शंभर, ५० पेक्षा कमी असतील तर खालचा शंभर.

७.४ या पद्धतीने येणारे मासिक भाडे पुढे मुद्दाम लिहून ठेवले आहे:
१ एप्रिल २०२६ पासून : १९,७९५ येतात, म्हणून रुपये १९,८००
१ एप्रिल २०२७ पासून : २१,१८६ येतात, म्हणून रुपये २१,२००
१ एप्रिल २०२८ पासून : २२,६८४ येतात, म्हणून रुपये २२,७००
१ एप्रिल २०२९ ते ३१ मार्च २०३० : २४,२८९ येतात, म्हणून रुपये २४,३००
पुढे कधी हिशेबात फरक निघाल्यास वरील आकडेच अंतिम धरावेत. नव्याने गुणाकार करू नये.

७.५ वाढीसाठी मालकाने नोटीस, फोन अगर व्हॉट्सॲप करण्याची गरज नाही. एखाद्या महिन्यात जुने भाडे स्वीकारले गेले, तर मालकाने वाढ सोडली असा अर्थ होणार नाही. राहिलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यासोबत बिनव्याजी द्यावी. जास्त रक्कम गेली असल्यास तीही तशीच वळती करून घ्यावी.

७.६ कृष्णेला २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर येऊन गाळा वापरता न आल्यास, पाणी गाळ्यात शिरल्यापासून ते ओसरेपर्यंतच्या दिवसांचे भाडे त्या महिन्याचे एकूण दिवस धरून वजा होईल. ही वजावट रुपयापर्यंत करायची, शंभरापर्यंत नाही. पुरामुळे वाढीची तारीख पुढे जाणार नाही, आणि पुढील वाढ वजावटीपूर्वीच्या पूर्ण भाड्यावरच काढली जाईल.

७.७ वीजबिल, पाणीपट्टी, लागू असल्यास जीएसटी आणि रुपये १,००,००० ची अनामत यांवर ही ७ टक्के वाढ नाही. तसेच ३१ मार्च २०३० नंतर हे कलम आपोआप पुढे चालणार नाही. नवीन करार होईल तेव्हा नवीन भाडे ठरेल.