विषय: साहाय्यक व्यवस्थापक पदाचा निर्णय आणि माझी पुढील वाटचाल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

साहाय्यक व्यवस्थापक पदाचा निर्णय सर्वांना कळण्याआधी आपण सोमवारी मला बोलावून घेतलेत आणि स्वतः सांगितलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्या वेळी मला फारसे बोलता आले नाही. घाईत काही बोलण्यापेक्षा शांतपणे विचार करून लिहावे असे वाटले, म्हणून चार दिवसांनी हे पत्र लिहीत आहे.

या निर्णयाने मी निराश झाले, हे आपल्यापासून लपवत नाही. सहा वर्षे या विभागात काम केल्यावर ही बढती मिळेल अशी मला आशा होती. मात्र निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी माझी मागणी नाही. ज्या सहकाऱ्याची निवड झाली त्याच्यासोबत मी तीन वर्षे काम केले आहे, त्याची पात्रता मी जवळून पाहिली आहे आणि त्याला माझे पूर्ण सहकार्य राहील. मला जाणून घ्यायचे आहे ते इतकेच, की मी नेमकी कशात कमी पडले आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मी काय केलेले आपल्याला दिसायला हवे.

आपण त्या दिवशी म्हणालात, की माझ्या कामाबद्दल प्रश्न नाही, पण काम करवून घेण्याची बाजू अजून पुढे आलेली नाही. हे वाक्य मी बरेच दिवस विसरणार नाही, कारण त्यात तथ्य आहे असे मला वाटते. महिनाअखेरचा हिशेब बंद करायला पूर्वी कामाचे नऊ दिवस लागत. पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ महिना संपण्याची वाट न पाहता दर आठवड्याला घ्यायला सुरुवात केल्यापासून ते काम पाच दिवसांवर आले. याचा मला अभिमान आहे. पण गेल्या लेखापरीक्षणाच्या वेळी, माल पोचला आहे आणि बिल आलेले नाही अशा 43 नोंदींवर प्रश्न आले, तेव्हा गोदामाच्या पोचपावत्या काढून एकेक नोंद मीच जुळवत बसले. सलग तीन संध्याकाळी दोन्ही नवे सहकारी शेजारी बसून होते आणि मी त्यांच्या हाती एकही फाइल दिली नाही. वेळेत उत्तर गेले, परंतु पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला तर ते दोघे तो स्वतःहून सोडवू शकतील असे मी आज खात्रीने म्हणू शकत नाही. तेव्हा मला ती जबाबदारीची जाणीव वाटली होती. आपल्याला हेच सुचवायचे होते का, की याखेरीज आणखी काही कारणे होती, हे आपल्याकडूनच समजले तर मी चुकीच्या दिशेने मेहनत करणार नाही.

माझ्या बाजूने एक प्रस्ताव आहे. पुढील महिन्यापासून पुरवठादारांच्या ताळमेळाचे काम मी दोन्ही सहकाऱ्यांकडे पूर्णपणे सोपवते आणि स्वतःकडे फक्त तपासणी ठेवते. त्यातून जो वेळ मोकळा होईल त्यात तिमाही अंदाजपत्रकाचा आढावा माझ्याकडे द्यावा, आणि खर्चातील तफावतीचे स्पष्टीकरण विभागप्रमुखांच्या बैठकीत मला मांडू द्यावे, अशी विनंती आहे. आजवर ते आकडे मी तयार करत आले, पण त्यांवरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला मी कधी उभी राहिले नाही. सुरुवातीच्या बैठकीला आपण सोबत असाल तर मला धीर येईल.

हे आपल्याला योग्य वाटत असेल, तर माझ्याकडून असलेल्या दोन-तीन अपेक्षा लेखी ठरवून तीन महिन्यांनी त्यांवर आपण एकदा बोलावे, वार्षिक मूल्यमापनापर्यंत थांबू नये, असे मला वाटते. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे विचारते. येत्या वर्षभरात या श्रेणीचे पद निघण्याची शक्यता आहे का? नसल्यास, वाढलेल्या जबाबदारीनुसार माझ्या वेतनश्रेणीचा विचार वेगळा करता येईल का? उत्तर नकारार्थी असले तरी ते आत्ताच कळलेले मला बरे, म्हणजे पुढचे नियोजन त्यानुसार करता येईल.

यासाठी पुढच्या आठवड्यात आपला अर्धा तास मिळावा. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी तीननंतर मी मोकळी आहे. आपल्या सोयीची दुसरी वेळ असल्यास तीही चालेल. महिनाअखेरच्या कामांची यादी आणि प्रलंबित बाबींची टिपणे मी शुक्रवारपर्यंत नव्या साहाय्यक व्यवस्थापकांकडे देत आहे आणि त्याची प्रत आपल्यालाही पाठवीन.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लेखा अधिकारी, पुरवठादार देयके