लातूरच्या आपल्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासच्या जून बॅचसाठी सहा रील: बोलायचे शब्द, शूटिंगच्या सूचना आणि कॅप्शन

मोबाइल धरणाऱ्या भाच्यासाठी: रविवारी सकाळी आठला औसा रोडच्या क्लासवर ये. दहानंतर खिडकीचं ऊन सरळ तोंडावर येतं. मोबाइल उभा धर आणि पंखा बंद ठेव, मागच्या वेळी अर्धा आवाज त्याचाच होता. खालचं पाठ करून म्हणायचं नाही. दोनदा वाचायचं आणि आपल्या भाषेत बोलायचं. बोलताना "बगा" आलं तर येऊ दे, ते कापू नको.

रील 1: जेवायलोय (40 सेकंद)

फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द: जेवायलोय. मॅडम खडू हातात घेऊन बाजूला उभ्या. पहिल्या सेकंदाला बोलायला सुरुवात करायची. "नमस्कार मित्रांनो" नको.

मॅडम: "आपल्याकडचा पोरगा पुण्याला हॉस्टेलवर गेला. फोनवर आईला म्हणाला, 'जेवायलोय गं.' रूममधली पोरं हसली. हसू द्या. त्यांना माहीत नाही, ह्याला इंग्रजीचा एक काळ आईच्या दुधातूनच मिळालाय.

जेवायलोय. आय ॲम ईटिंग. यायलोय. आय ॲम कमिंग. पाऊस पडायलाय. इट इज रेनिंग. कुणी 'करायलोय' म्हणतं, कुणी 'करूलालोय' म्हणतं, शेपूट तेच. त्या शेपटाचं इंग्रजी नाव आय-एन-जी.

आता उलटं बगा. 'मला दोन भाऊ असायलेत' असं कधी म्हणलात का? मग 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' कामून म्हणता? आय हॅव टू ब्रदर्स. 'मला माहीत असायलंय' म्हणता का? मग 'आय ॲम नोइंग' पण नाही. आय नो. जिथं आपल्या तोंडात शेपूट येत नाही, तिथं इंग्रजीलाही लावू नका."

(थांबून, जरा हसत) "एक सोडून. आपण म्हणतो, 'मला समजंना गेलंय.' तिथं मात्र आय डोन्ट अंडरस्टँड. एवढं एक लक्षात ठेवा."

स्क्रीनवरचा मजकूर: लोय = आय-एन-जी

कॅप्शन: मराठवाड्याची बोली लपवू नका, कामाला लावा. तुमच्या गावाकडचा असा एक शब्द लिहा, पुढच्या रीलमध्ये त्याचं इंग्रजी करू.

रील 2: येस सर (55 सेकंद)

ह्या रीलला वेळ द्यायचा. तीनदा तालीम, मग शूट. आपलंच टेबल म्हणजे नर्सिंग स्टेशन. भिंतीवर कुठल्याही दवाखान्याचं कॅलेंडर दिसता कामा नये. डॉक्टरचं काम करणाऱ्यानं चिडायचं नाही. तो घाईत आहे, एवढंच.

डॉक्टर (फाइल बघत): "हॅवन्ट यू गिव्हन द इंजेक्शन?"

नर्सताई: "येस सर."

(तिच्या मनातला आवाज, मराठीत: "हो सर, अजून दिलं नाही.")

डॉक्टर फाइलवर बरोबरची खूण करतो आणि निघून जातो. चित्र तिथंच थांबवायचं. दोन सेकंद पूर्ण शांतता, संगीत नको.

मॅडम (फ्रेममध्ये येत): "ताईनं खोटं सांगितलं का? नाही. डॉक्टरांनी चूक ऐकलं का? तेही नाही. मग गोंधळ कुठं झाला?

आपण मराठीत 'हो' म्हणतो ते विचारणाऱ्याला. 'दिलं नाहीस का?' 'हो, नाही दिलं.' म्हणजे तुमचं बरोबर आहे. इंग्रजी विचारणाऱ्याकडं बघत नाही, इंजेक्शनकडं बघतं. दिलं असेल तर येस, आय हॅव. दिलं नसेल तर नो, आय हॅवन्ट. प्रश्न सरळ असो की नकाराचा, उत्तर बदलत नाही.

आणि घाईत हे सुचणार नाही, मला माहीत आहे. म्हणून एक सवय लावा. 'येस' किंवा 'नो' एकटं सोडायचं नाही, मागं कामाचं वाक्य जोडायचं. 'नॉट येट, सर. आय विल गिव्ह इट नाऊ.' मग डॉक्टर काही का विचारेनात, अर्थ एकच निघतो."

परत पहिला प्रसंग. तोच प्रश्न. ह्या वेळी ताई: "नॉट येट, सर. आय विल गिव्ह इट नाऊ." डॉक्टर मान हलवतो. कट.

(बँकेतल्या मुलींसाठी पुढं कधीतरी हेच "डिडन्ट द कस्टमर साइन?" घेऊन करता येईल. आत्ता त्यात घुसवू नको, लांबेल.)

स्क्रीनवरचा मजकूर: "येस" एकटं सोडू नका

कॅप्शन: दवाखाना, बँक, दुकान, ऑफिस, सगळीकडं लागणारं हे वाक्य. कामावरच्या मैत्रिणीला पाठवा.

रील 3: टेल मी अबाउट युवरसेल्फ (45 सेकंद)

टेबलाच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दोन खुर्च्या, पाण्याचा एक ग्लास.

सर: "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

विद्यार्थिनी (एका दमात): "मायसेल्फ वैष्णवी, आय बिलाँग टू फ्रॉम औसा, माय हॉबीज आर रीडिंग, लिसनिंग म्युझिक अँड मेकिंग फ्रेंड्स."

सर कॅमेऱ्याकडं वळतात: "सकाळपासून हेच सात जणांनी सांगितलं. सातही जणांचे छंद तेच." (विद्यार्थिनीकडं) "बाळा, तुझ्या घरी काय करतात?"

विद्यार्थिनी (मराठीत, बिचकत): "सर, शेती. सोयाबीन. वडिलांचा हिशोब मीच लिहिते. आडतीला काय गेलं, उचल किती घेतली ते."

सर: "मग हे सांग की! हे त्या मुलाखत घेणाऱ्यानं दिवसभरात ऐकलेलं नाही."

फळ्यावर एकेक ओळ येत जाते, विद्यार्थिनी सावकाश म्हणते:

"आय ॲम वैष्णवी. आय ॲम फ्रॉम औसा, निअर लातूर. माय फादर ग्रोज सोयाबीन. आय कीप हिज अकाउंट्स. आय हॅव बीन डुइंग धिस फॉर थ्री इयर्स."

सर: "शेवटच्या ओळीत 'सिन्स थ्री इयर्स' नाही बरं का. किती वर्षं ते सांगायचं तर फॉर. कोणत्या सालापासून ते सांगायचं तर सिन्स. फॉर थ्री इयर्स. सिन्स 2022."

स्क्रीनवरचा मजकूर: "मायसेल्फ" पुसा, "आय ॲम" लिहा

कॅप्शन: कॅम्पस मुलाखतीला पुण्या-मुंबईची पोरं समोर असली म्हणून घाबरू नका. तुमच्या घरचं काम हीच तुमची ओळख, फक्त पाच वाक्यं नीट बांधून घ्या.

रील 4: पालक सभा (15 सेकंद)

एकच शॉट. इंग्रजी शाळेतली टीचर भराभर बोलतेय, आवाज मुद्दाम अस्पष्ट. समोर साडीतली आई. आई हात जरासा वर करते:

"टीचर, प्लीज स्पीक स्लोली. आय वॉन्ट टू अंडरस्टँड."

टीचर थांबते. खुर्ची जवळ ओढते. संपलं. ह्यात मॅडमनी समजावून सांगायचं काही नाही.

कॅप्शन: ही दोन वाक्यं आजच पाठ करा. तिसरं पाहिजे असेल तर रविवारी या.

रील 5: आम्ही काय सांगत नाही (50 सेकंद)

मॅडम खुर्चीत, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. मागं रिकामा वर्ग. संगीत अजिबात नको.

मॅडम: "लातूरला क्लासची काही कमी नाही. दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर आहे, सराव पेपरवर सराव पेपर. पण बोलणं पेपर सोडवून येत नाही, तोंड उघडून येतं. म्हणून आमच्याकडं नोट्सचा गठ्ठा मिळत नाही.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, असंही आम्ही म्हणणार नाही. तीन महिने लागतात. तीन महिन्यांनंतर तुम्ही अडखळाल, पण गप्प बसणार नाही. बातम्या देणाऱ्या बाईसारखा उच्चार माझाही नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, इंग्रजी पाचवीला सुरू झालं, आणि बोलायला लागले नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी.

एका बॅचला पंधराजण. सोळावा आला तर पुढची बॅच. फी तीन महिन्यांची साडेचार हजार, दोन हप्त्यांत चालते. कॉलेजची बॅच सकाळी 7 ते 8. नोकरीवाल्या ताईंची संध्याकाळी 7 ते 8, आणि ज्यांना ती वेळ जमत नाही त्यांच्यासाठी रविवारी 11 ते 1. लहान लेकरू बरोबर आणलं तरी चालतं. रडलं तर आम्ही थांबतो.

पहिले दोन दिवस फुकट. बसा, बगा, नाही पटलं तर सरळ सांगा. इंग्रजीतच सांगा म्हणजे झालं."

(शेवटच्या वाक्याला हसू आलं तर रोखायचं नाही. मागच्या वेळी कापलेलं हसूच चांगलं होतं.)

स्क्रीनवरचा मजकूर: पंधराच जागा · पहिले दोन दिवस फुकट

कॅप्शन: औसा रोड, लातूर. मेसेजमध्ये "डेमो" एवढंच लिहा आणि कॉलेज की नोकरी ते सांगा, वेळ आम्ही कळवतो.

रील 6: रंग जातो का? (50 सेकंद)

गंजगोलाई. सुरुवातीला वर्तुळात फिरणारी गर्दी पाच सेकंद, सोळा रस्ते येऊन मिळतात तिथली. शनिवारी जायचं नाही, उभं राहायला जागा मिळत नाही. मग साडीचं दुकान, मालकांना आधी विचारून ठेवलंय. गादीवर आपली विद्यार्थिनी, ती खरंच तिथं काम करते. समोर गॉगल लावलेली गिऱ्हाईक बाई.

गिऱ्हाईक: "डज द कलर रन?"

दुकानातली ताई क्षणभर थांबते. (मनातला आवाज: "रंग पळतो? कुठं पळतो?") मग चेहरा उजळतो.

ताई: "नो मॅडम, इट डझन्ट. बट वॉश इट सेपरेटली द फर्स्ट टाइम."

गिऱ्हाईक: "कॅन आय सी इट इन द डेलाइट?"

ताई (साडी दारापाशी नेत): "ऑफ कोर्स. प्लीज कम."

गिऱ्हाईक: "एनी डिस्काउंट?"

ताई: "सॉरी मॅडम, फिक्स्ड प्राइस. बट द फॉल इज फ्री."

फॉल शब्दावर गिऱ्हाईक बाई गॉगल वर करते, पदर चाचपते आणि एकदम:

"अगं, पिकोचं पण फुकटात बघ की! मी उदगीरचीच हाय, जावेपुढं जरा इंग्रजी मारायलेय."

जाऊ मागं उभी, तोंडाला पदर. कट तिथंच, लोगो नको, नंबर नको.

कॅप्शन: रंग जातो का = डज द कलर रन. वेगळी धुवा = वॉश इट सेपरेटली. उजेडात बघू का = कॅन आय सी इट इन द डेलाइट. पिकोचं इंग्रजी कुणाला माहीत असेल तर कळवा, आम्हीही पिकोच म्हणतो.