डोकं नाही, वही: बक्षीस समारंभातलं मनोगत

आदरणीय मुख्याध्यापक, प्रमुख पाहुणे, माझ्या सर्व बाई आणि सर, पालक आणि मित्रमैत्रिणींनो,

दहावीला 500 पैकी 487 गुण मिळाले, तेव्हापासून आमच्या परळच्या चाळीत सगळे म्हणतात, "पोरीचं डोकंच तल्लख!" कौतुक मनापासून असतं, म्हणून फार आनंद होतो. पण समोर बसलेल्या दहावीच्या मुलांनी हे ऐकून "आपलं तसलं डोकं नाही" असं धरून बसू नये, म्हणून आज अभ्यास नेमका कसा केला तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी चुकांची वही. दोनशे पानी साधी वही घ्या, प्रत्येक पानावर चार रकाने आखा: तारीख, गणित, चूक कुठल्या पायरीला झाली, का झाली. "का"च्या रकान्यात "घाई झाली" असं लिहायचं नाही, कारण त्यावर उपाय काढता येत नाही. आता मागच्या फळ्यावर लिहिलेलं वर्गसमीकरण बघा: 2x² − 7x + 3 = 0. सूत्रात −b आहे आणि इथे b = −7. त्यामुळे −b म्हणजे अधिक 7. घाईत आपण उणे 7 च ठेवतो. मग 3 आणि 1/2 या मुळांऐवजी −3 आणि −1/2 येतात. बाकी सगळं बरोबर असतं, त्यामुळे उत्तर चुकलंय अशी शंकाही येत नाही. "का"च्या रकान्यात लिहायचं: "b चिन्हासकट वेगळा लिहिला नाही." मग उपाय आपोआप मिळतो: आधी a, b, c तीन ओळींत चिन्हासकट लिहा, आणि शेवटी मुळांची बेरीज −b/a शी ताडून बघा. इथे ती 7/2 यायला हवी. याला अर्धं मिनिट लागतं.

दर रविवारी वही चाळून एकाच प्रकारच्या चुका मोजायच्या. जी चूक तीनदा दिसेल, त्या प्रकारची पाच गणितं सोमवारी सकाळी सोडवायची. नवा धडा त्यानंतर.

दुसरं, पुस्तक मिटून लिहिणं. विज्ञान आणि भूगोलात मुलं तोच धडा चार वेळा वाचतात, ओळी रंगवतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच पाठ झालं समजतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. म्हणून धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा, आकृतीसुद्धा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. हेच पुन्हा दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. लाल शाई कमी होत गेली की धडा बसतोय. एकविसाव्या दिवशीही तेवढीच राहिली, तर तो धडा कळलेलाच नाही. अशा वेळी बाईंकडे जायचं, पाठांतर वाढवायचं नाही.

वेळापत्रक. सकाळी साडेपाच ते सात गणित, कारण सातला नळाला पाणी येतं आणि मग घरात कुणालाच बसता येत नाही. संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिकेत इतर विषय. साडेदहाला झोप, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा. बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही, नाहीतर तो दिवसही बुडतो. त्यासाठी रविवारची दुपार रिकामी ठेवायची. गणपतीत ढोल वाजतात, पाहुणे येतात. तेव्हा दीड तासाऐवजी चाळीस मिनिटं, पण बसायचंच.

डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी 11 ते 1 गणिताचा पूर्ण पेपर, घड्याळ लावून. 40 गुण, 120 मिनिटं. तपासायला 15 मिनिटं राखली की एका गुणाला अडीच मिनिटांपेक्षा थोडी जास्त मिळतात. म्हणजे तीन गुणांच्या गणिताला आठ मिनिटं. आठ झाली आणि अडकलोय, तर जागा सोडून पुढे जायचं. भूमितीच्या एका सिद्धतेवर वीस मिनिटं घालवली, की येणारी दोन गणितं हातची जातात.

आणि या सगळ्यामागे आमच्या बाई आणि सर आहेत. माझी रविवारची उत्तरपत्रिका सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा बाजूला ठेवून तपासली. आईने वर्षभर पहाटे सव्वापाचला चहा ठेवला. मी मनापासून ऋणी आहे.

माझ्या चुकांच्या दोन्ही वह्या मी आज शाळेच्या ग्रंथालयात देते आहे. पहिलीत बीजगणित आहे, दुसरीत भूमिती. दहावीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत येऊन बघाव्यात. अक्षर कळलं नाही, तर पुढच्या महिनाभर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथेच असेन.

धन्यवाद.