गड्डीच्या पोटात

पावणेपाच वाजले होते. शनिवारी मार्केट यार्ड बंद, त्यात श्रावण, त्यामुळे रविवारची पालेभाजी ढिगाऱ्यांनी उतरली होती. गुलटेकडीच्या त्या गल्लीत एकावर एक रचलेल्या मेथीच्या भिंती, वर हिरवी ताडपत्री आणि मधे लोंबणारा एक दिवा.

ओंकारने कोपऱ्यातल्या ढिगातली एक गड्डी उचलून दाबली.

"ए, दाबू नको! तुज्या आईची उशी हाय का ती?"

शेवंताबाई शेकड्याने माल घेऊन किरकोळीला फोडायच्या. गुडघ्यावर गोणपाट, समोर तीन ढीग.

"मावशी, परवा नेलेली मेथी घरी सोडली तर आत सगळी पिवळी. आई म्हणाली, डोळे होते का खिशात."

"डोळ्यांचं काय काम हितं? या ताडपत्रीखाली पिवळं पानबी हिरवं दिसतं. किती मान्सांची मेस?"

"पस्तीस डबे. आईचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी येतोय."

"बस खाली. सात वाजेस्तोवर डबं भरायचं नसत्याल."

तिने दोन गड्ड्या त्याच्या दोन हातांत दिल्या. सारख्याच जाडीच्या. उजवी जड लागली.

"ही चांगली," तो म्हणाला.

"झटक."

त्याने झटकली. मांडीवर पाण्याचा शिंतोडा उडाला आणि जडपणा निम्मा उतरला.

"ते पानी मारल्यालं हाय. ताज्या भाजीचं वजन देठात असतं, झटकलं तरी जात न्हाई. आता डावीचा देठ वाकव. खालून चार बोटं सोडून धर."

देठ वाकला, ताणला, आणि बारीक 'कट्' होऊन तुटला. तुटल्या जागी ओल होती.

"आता उजवीचा."

तो वाकला तो वाकलाच. दोन्ही टोकं जवळ आली तरी तुटेना, रबरासारखा वळला.

"पान पानी पिऊन उभं ऱ्हातं. देठ एकदा मऊ पडला का पडला. म्हणून पानाला भुलायचं न्हाई, देठाला इचारायचं. आन् पार खाली मुळाशी तोडून बघू नको, जून मेथी तिथं कुनाचीबी कडक लागती. शेंडा चाचप. फूल, शेंग बोटाला लागली तर ती कडू. पोरं डबा परत धाडत्याल."

हे सगळं ती बोलत होती तरी तिचे हात थांबले नव्हते. खालच्या गड्ड्या वर, वरच्या बाजूला, दर थोड्या वेळाने.

"हे कशाला?"

"सांगते. बोटं सरळ कर. चारी बोटं गड्डीच्या पोटात घाल, बांधल्याल्या जागंच्या वर. हळू. पान फाटू देऊ नको."

त्याने घातली. आत गार होतं, माठाच्या बुडाला हात लावावा तसं, आणि पानं एकमेकांपासून सुटी. मग तिने शेजारच्या ढिगाच्या तळातून एक काढून दिली. बाहेरून तीच मेथी. आत बोटं गेली आणि त्याने चटकन काढून घेतली.

"गरम आहे!"

"संध्याकाळी काढली, घट्ट बांधली, टेम्पोत एकावर एक दाबून आनली. पाला जिता असतो बाबा, श्वास घेतो. वारा न्हाई मिळाला का वाफ धरतो. आधी गरम, मग चिकट, मग काळा. वरनं दिसंस्तोवर दुपार होती, तवर तू घरी असतोस आन् आई तुला डोळं इचारती."

ओंकारने बोटं नाकाशी नेली. मेथीचा कडवट वास नव्हता. ओल्या पोत्याचा होता.

"पावसाळ्यात तर बांधल्याली जागा आधी चाचपायची. सुतळीखाली पानी साचतं. अंगठा तिथं सरकला, शेवाळावर सरकतो तसा, तर ती ठेव खाली. कोथिंबिरीला हे लई. बघ."

कोथिंबिरीच्या गड्डीत तिने त्याचा अंगठा धरून सुतळीखाली दाबला. कोरडी होती. मग एक पान दोन बोटांत चुरायला सांगितलं. वास लगेच उठला. जाड, पोकळ देठाची एक गड्डी तिने स्वतःहून बाजूला सारली. दिसायला दुप्पट, पण त्यात निम्मं देठच, आणि चटणीत पाणी सुटतं.

"पालक घेऊ? उद्या पराठे आहेत."

"उद्याचा पालक उद्या. या हवेत पानी मारल्याला पालक रात्र काढत न्हाई. पण शिकून घे. दोन पानं एकावर एक ठेव, घास."

पानं करकरली, नव्या चपलेसारखी.

"करकरलं तर ताजं. नुसतं सरकलं तर कालचं. चामड्यावानी जाड लागलं तर जून, मधला दांडाबी दाताखाली येनार. शेपू उलटा तपासायचा. तळव्यानं जरासा दाब आन् सोड. वर आला तर घे, बसून ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे. चुक्याला मातर हातच लावू नको. दबलं का तिथंच काळं पडतं. त्याचा वास घे, पैसं दे, आन् सगळ्यात वर ठेव."

अळूच्या पानावर तिने ताडपत्रीवरून ठिबकणारा एक थेंब झेलला. थेंब पाऱ्यासारखा धावला, पान कोरडं. तिने पान पालथं केलं.

"मागची शीर बघ. बोटाला टोचती एवढी जाड असंल तर वडीला गुंडाळताना फाटती. तुला वडी का फदफदं?"

"फदफदं."

"मग चालंल. पन चिच टाकायला इसरू नको, घसा खवखवंल सगळ्यांचा."

मेथी किती लागेल हा हिशेब तिने तोंडीच केला. निवडून एका गड्डीत अडीच माणसं, पस्तिसाला चौदा. मग ढीग त्याच्याकडे ढकलला आणि हात बांधून बसली.

ओंकार घेऊ लागला. झटकायची, देठ, पोट, सुतळी. पहिल्या तीन गड्ड्यांना वेळ लागला. नंतर बोटंच पुढे जायला लागली. अकरावी त्याने आत चाचपली, थांबला, परत चाचपली.

"मावशी, ही कोमट आहे."

"आन हिकडं." तिने हात घातला. तोंड वाकडं केलं. "आमचाच माल आन् आमालाच..." सुतळी सोडली, मधली मूठभर पिवळट पानं मागे फेकली, उरलेली गोणपाटावर पसरली. "गार झाली का भज्यावाला नेतो. पिठात काय दिसतंय. तू दुसरी घे."

मेथी दोनशे ऐंशी, कोथिंबीर चार गड्ड्या साठ, अळू पाच गड्ड्या पन्नास. चारशे दिले, दहा परत आले; सूट मागितली ती मिळाली नाही.

तो गड्ड्या पिशवीत आडव्या कोंबायला लागला तशी तिने पिशवी ओढून घेतली. मुळं खाली, पाला वर, सगळ्या उभ्या. वर ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट.

"तोंड बांधू नको. गाडीवर मधे वजन ठेवू नको. घरी गेल्यावर पयल्यांदा सुतळ्या सोडायच्या, मग च्या पी. आन् धुवून ठेवायची न्हाई. निवडायच्या वक्ताला धुवायची."

ओंकारने पिशवी उचलली. ताडपत्रीच्या कडेला आभाळ राखाडी झालं होतं आणि त्या उजेडात शेजारच्या ढिगातली पिवळी पानं आता कुठे दिसू लागली होती. बर्म्युडा घातलेला एक गृहस्थ येऊन शेवंताबाईंच्या मेथीत बोटं घालू लागला.

"ओ दादा, हात न्हाई लावायचा! भाजी दबती. बघायची ती डोळ्यांनी बघा."