ऑक्टोबरचा हप्ता कापला गेला नाही: ५ नोव्हेंबरपूर्वी काय करायचे

धरमपेठ शाखा, नागपूर
दि. ७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
सौ. वैशालीताई, महाल, नागपूर
व्यवसाय कर्ज खाते, शेवटचे चार अंक ४४७१

विषय: ५ ऑक्टोबरचा ७,४५० रुपयांचा हप्ता ऑटो डेबिटने जमा न झाल्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या शिवणकामाच्या दुकानासाठी घेतलेल्या कर्जाचा ऑक्टोबरचा हप्ता रविवारी, ५ तारखेला आपल्या दुसऱ्या बँकेतील बचत खात्यातून कापला जाणार होता. तो कापला गेला नाही. काल आपल्या मोबाईलवर `NACH DR RTN - BALANCE INSUFFICIENT` एवढाच संदेश गेला. त्यावरून नेमके काय घडले आणि आता काय करायचे, हे कोणालाही कळणार नाही. खात्यात पुरेसे पैसे नसल्याचे कारण देऊन आपल्या बचत खात्याच्या बँकेने हप्ता परतवला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून हे पत्र. त्या संदेशाऐवजी हेच धरून चालावे.

दोन कामे आहेत आणि दोन्ही वेगवेगळी आहेत. ऑक्टोबरचा हप्ता आपण स्वतः भरायचा आहे, शक्यतो सोमवार, १३ ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबरचा हप्ता नेहमीसारखा आपोआप कापला जाईल. त्यासाठी मंगळवार, ४ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत बचत खात्यात किमान ८,५०० रुपये असू द्यावेत. हप्ता ७,४५० चा असताना ८,५०० का, ते पुढे लिहिले आहे. तेवढा भाग कृपया नक्की वाचावा.

आधी ऑक्टोबरचे. हा हप्ता आम्ही ऑटो डेबिटला पुन्हा लावणार नाही. पुन्हा लावला आणि खात्यात तेव्हाही पैसे नसले, तर आपली बचत खात्याची बँक पुन्हा शुल्क कापते आणि ग्राहकाला एकाच हप्त्यापायी दोनदा भुर्दंड बसतो. नोव्हेंबरच्या हप्त्यासोबत तो आपोआप कापला जाईल, असेही समजू नये. आपण सही केलेल्या मँडेटची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे आणि दोन हप्ते मिळून १४,९०० होतात. तेवढी रक्कम त्या मँडेटवर मागताच येत नाही. थोडक्यात, ऑक्टोबरचे पैसे आपण भरल्याशिवाय ते येण्याचा दुसरा मार्ग नाही.

१३ ऑक्टोबरपर्यंत भरायची रक्कम ७,७०० रुपये आहे: हप्ता ७,४५० आणि हप्ता परतल्याचे आमचे शुल्क २५०. त्या तारखेपर्यंत दंड आकारलेला नाही. १४ तारखेपासून थकलेल्या हप्त्यावर वार्षिक १२ टक्के दराने, म्हणजे दिवसाला सुमारे २ रुपये ४५ पैसे, दंड लागेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही आणि आम्ही ते लावत नाही. कर्जाचे नेहमीचे व्याज मात्र पैसे जमा होईपर्यंत चालूच राहते.

पैसे शाखेच्या काउंटरवर रोख भरता येतील किंवा मोबाईलवरून आयएमपीएस वा एनईएफटीने थेट कर्ज खात्यात पाठवता येतील. खात्याचा पूर्ण क्रमांक आणि आयएफएससी कोड कर्जाच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर आहेत. पाठवताना शेरा म्हणून ‘ऑक्टोबर हप्ता’ लिहिले, तर नोंद त्याच दिवशी लावणे आम्हाला सोपे जाते. रोख भरली असेल, तर शिक्का मारलेली पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

१३ तारीख सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. यावर्षी १ जानेवारीपासून कर्जखात्यांची माहिती सिबिलसारख्या संस्थांकडे दर पंधरवड्याला जाते: एकदा १५ तारखेची स्थिती, एकदा महिनाअखेरची. त्या दिवशी खात्यावर जे दिसते, तेच कळवले जाते. १३ ला पैसे भरले, तर १५ तारखेच्या नोंदीत थकबाकी दिसणार नाही. पुढे शिलाई मशीन किंवा दुकानाच्या गाळ्यासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा ही एक ओळ आड येऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे. आजवर आपला एकही हप्ता चुकलेला नाही.

आता ५ नोव्हेंबरविषयी.

त्या दिवशी बुधवार आहे आणि गुरुनानक जयंतीनिमित्त बँका बंद आहेत. सुट्टी आहे म्हणजे हप्ता एक दिवस पुढे गेला, असा समज शाखेत येणाऱ्या पुष्कळ मंडळींचा असतो. पूर्वी तसे होतही असे. परंतु १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा, म्हणजे नॅच, वर्षाचे सगळे दिवस चालते. रविवारी चालते, सणालाही चालते. ५ ऑक्टोबरला रविवार होता, तरी मागणी त्याच दिवशी गेली. ५ नोव्हेंबरलाही तसेच होईल: काउंटर बंद असेल, पण हप्त्याची मागणी जाईल. बचत खात्यात रोख भरणार असाल, तर ती मंगळवारी, ४ तारखेला काउंटर बंद होण्यापूर्वी भरावी. चेक टाकणार असाल, तर तो वटून पैसे खात्यात दिसायला हवेत. चेक टाकल्याची पावती हातात असून भागत नाही.

आता ८,५०० चे कारण. हप्ता परतला की आपली बचत खात्याची बँकही तिचे शुल्क लावते. ते आमच्या २५० रुपयांपेक्षा वेगळे असते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ते आमच्याकडे येत नाही. रक्कम बँकेगणिक वेगळी असते. खात्यात पैसे नसतील, तर ती बँक हे शुल्क बाकी ठेवते आणि पुढे पैसे जमा झाले की आधी ते कापून घेते. समजा, आपण ४ नोव्हेंबरला मोजून ७,४५० रुपये भरले आणि त्यातले ३५४ रुपये मागच्या शुल्कापोटी गेले. सकाळी हप्ता मागितला जाईल तेव्हा खात्यात ७,०९६ उरलेले असतील. हप्ता पुन्हा परतेल आणि पुन्हा शुल्क लागेल. अर्धवट रक्कम कापून घेण्याची सोय या पद्धतीत नाही. पूर्ण रक्कम असेल तर हप्ता जातो, एक रुपया कमी असला तरी परततो. सलग दोन-तीन महिने हप्ते परतलेल्या खात्यांत अनेकदा हेच घडलेले असते: माणसाने पैसे भरलेले असतात, पण मोजून भरलेले असतात.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात बचत खात्याचे पासबुक भरून घ्यावे किंवा ॲपमध्ये शेवटच्या नोंदी पाहाव्यात. `RTN CHG` किंवा तशा अर्थाची ओळ दिसते का, ती रक्कम कापली गेली की बाकी आहे, हे पाहावे. त्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत असेल, तर तीही धरावी. विम्याचा हप्ता किंवा एसआयपी त्याच खात्यातून ५ तारखेच्या आसपास जात असेल, तर ८,५०० पुरणार नाहीत. तेवढी रक्कम वर धरावी. त्या खात्यात किती शिल्लक होती किंवा आहे, हे आम्हाला दिसत नाही. ती बँक आम्हाला फक्त परतीचे कारण कळवते. खात्यात पुरेसे पैसे असूनही हप्ता परतला असेल, तर ५ ऑक्टोबरची शिल्लक दाखवणारा उतारा घेऊन यावे. आम्ही तो त्या बँकेकडे पाठवून खुलासा मागू आणि तोपर्यंत आमचे २५० रुपये वसूल करणार नाही.

दसरा झाला, दिवाळी दोन आठवड्यांवर आली. या दिवसांत गांधीबागेतून कापड भरावे लागते, कारागिरांना आगाऊ द्यावे लागते आणि गिऱ्हाइकांचे पैसे दिवाळीनंतर हळूहळू येतात, हे आम्हाला माहीत आहे. महिन्याच्या पाच तारखेला हात दरवेळी आखडत असेल, तर हप्त्याची तारीख १० किंवा १५ करून घेता येते. त्यासाठी साध्या कागदावर अर्ज पुरतो. तो १७ ऑक्टोबरपर्यंत मिळाला, तर बदल नोव्हेंबरपासूनच लागू करू. हप्ता दुसऱ्या खात्यातून जावा असे वाटत असेल, तर नवे मँडेट लागते. डेबिट कार्ड, नेट बँकिंग किंवा आधार ओटीपी वापरून ते ऑनलाइन होते. कागदी फॉर्म भरलात, तर सही त्या बँकेतल्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवी. सही न जुळल्याने पुष्कळ फॉर्म परत येतात. नवे मँडेट नोंदले गेल्याचा संदेश येईपर्यंत जुन्या खात्यात पैसे ठेवणे सोडू नये.

ऑक्टोबरची पूर्ण रक्कम एकदम जमत नसेल, तरी १३ तारखेपूर्वी शाखेत येऊन बोलावे. जमेल तेवढी रक्कम आम्ही काउंटरवर घेतो आणि उरलेल्या रकमेची तारीख लेखी ठरवून देतो. न बोलता थांबण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

हे पत्र कायदेशीर नोटीस नाही आणि ते आपल्या जामीनदारांना पाठवलेले नाही. पुरेशा शिल्लकीअभावी ऑटो डेबिट परतणे मात्र, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ नुसार, चेक न वटण्याइतकेच गंभीर मानले जाते. रीतसर नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर खटला होऊ शकतो. आपल्याबाबतीत त्याची वेळ आलेली नाही. माहिती असावी म्हणूनच लिहिले.

या पत्रात मुद्दाम एकही फोन नंबर किंवा पैसे भरण्याची लिंक दिलेली नाही. हप्ता चुकल्याची बातमी काढून फसवणारे लोक अशाच वेळी फोन करतात. ‘आत्ता भरा, नाहीतर केस होईल’ असे सांगून कोणी ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन मागितला, तर तो आमचा माणूस नाही. फोन ठेवून पासबुकावर छापलेल्या शाखेच्या क्रमांकावर विचारावे. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

या पत्रातील आकारणी मान्य नसेल, तर शाखेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते.

कळावे,

शाखा व्यवस्थापक
धरमपेठ शाखा, नागपूर

ता. क. दिवाळीत २१ आणि २२ ऑक्टोबरला शाखा बंद राहील. शनिवार, २५ ऑक्टोबर हा महिन्याचा चौथा शनिवार असल्याने तेव्हाही काउंटर बंद असेल. हे पत्र मिळण्यापूर्वीच आपण पैसे भरले असतील, तर पावती किंवा व्यवहाराचा क्रमांक शाखेत दाखवावा. नोंद तपासून लगेच सांगू.