पेणच्या कारखान्यातले सहा फोटो

भाचीबाई,

काल रात्री पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काढलेले तुझे सहाही फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले आणि आज सकाळी पुन्हा बघितले. "मामा, गोड बोलू नकोस, खरं सांग" असं तू लिहिलं आहेस, म्हणून जे दिसलं ते सगळं लिहितो.

सुरुवात आखणीच्या फोटोपासून करतो, कारण सहांत सगळ्यात जास्त जीव त्यात आहे. आजी मूर्तीचे डोळे आखतायत, ओठ घट्ट मिटलेत, ब्रश डोळ्याच्या कडेला टेकतोय. क्षण तू अचूक पकडलास. तेवढं थांबायचं कसं हे शिकवून येत नाही, ते तुझ्यात आहे. पण फोटो मोठा करून बघ. मूर्तीचा मोदक धरलेला हात कापल्यासारखा स्पष्ट आहे, आणि ज्यासाठी फोटो काढला तो डोळा मऊ पडलाय. म्हणजे कॅमेरा हलला नाही, हलला असता तर मोदकही पुसट आला असता. फोकस चुकीच्या जागी बसलाय. कुठे फोकस करायचा हे तू कॅमेऱ्यावर सोडलंस, आणि कॅमेरा बहुतेक वेळा सगळ्यात पुढे असलेली वस्तू धरतो. मीटरभर अंतरावरून, ५५ मिलिमीटर आणि एफ ५.६ वर, जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. हात पुढे आणि चेहरा मागे असला की चेहरा गेलाच. यापुढे फोकसचा एकच बिंदू निवड आणि तो स्वतः डोळ्यावर नेऊन ठेव. शिवाय थोडी बाजूला सरक, म्हणजे मूर्तीचा डोळा, ब्रशचं टोक आणि आजींचा चेहरा ही तिन्ही तुझ्यापासून साधारण सारख्या अंतरावर येतील. मग तेवढ्या सहा सेंटिमीटरमध्येही तिन्ही मावतात.

त्याच फोटोत आजींची बोटं मात्र पुसट आहेत आणि त्याचं कारण वेगळं आहे. शटर १/३० होतं. आयएसओ ४०० च्या वर न्यायला तू घाबरलीस, दाणे येतील म्हणून. तो १६०० कर, म्हणजे तेवढ्याच उजेडात शटर १/१२५ मिळेल. दाणेदार फोटो लोक आनंदाने बघतात, पण हललेला हात कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आता उजेड. त्याच फोटोत आजींचा एक गाल हिरवट आणि दुसरा निळसर दिसतोय. डोक्यावर ट्यूबलाइट आणि डावीकडून दाराचा पावसाळी उजेड, दोन्ही एकत्र पडलेत. रॉ मध्ये काढलास तर रंगाचा समतोल नंतर बदलता येतो, पण एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड असले की एक नीट करताना दुसरा बिघडतो. ट्यूब बंद करायला मात्र सांगू नकोस, त्यांचं काम त्या उजेडावर चालतं. त्यापेक्षा आजी दाराजवळ कधी बसतात ते बघ. पेणजवळच्या हमरापूरच्या कारखान्यांत मी बघितलंय, सकाळी बारीक काम असलं की कारागीर पाट दाराशी ओढतात, कारण त्यांनाही तोच उजेड हवा असतो. ढगाळ आभाळाचा उजेड उघड्या दारातून आडवा येतो तेव्हा चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते आणि तरीही कुठे टोचत नाही. हे श्रावणातलं आभाळ फुकट मिळतंय, ते वाया घालवू नकोस.

पांढऱ्या मूर्तींच्या रांगेचा फोटो तुला राखाडी, मरगळलेला वाटला ना? त्यात तुझी चूक अर्धीच आहे. फ्रेमभर पांढरं दिसलं की कॅमेऱ्याचा मीटर त्याला करडं समजतो आणि उजेड कमी करतो. एक्सपोजर एक पायरी वाढव, पांढरं पांढरं दिसेल. पण त्या फोटोची मोठी अडचण मांडणीची आहे. मूर्ती शंभर आहेत आणि नजर थांबायला जागा एकही नाही. वर पंख्याचं अर्धं पातं आलंय, खाली पुढच्या ओळीतल्या मूर्तींचे पाट कापले गेलेत. त्या रांगेत एकच मूर्ती रंगवलेली असती, किंवा मधल्या बोळातून एखादा कारागीर चालत आला असता, तर हाच फोटो उभा राहिला असता. असा कोणी येईपर्यंत फ्रेम धरून थांबायचं.

दारातून मूर्ती उचलून नेणाऱ्या मुलाचा फोटो मला आवडता आवडता राहिला. बाहेर लख्ख उजेड, आत काळोख, आणि मुलगा काळा पडलाय. काळा पडला म्हणून फोटो वाईट होत नाही. पण मग आकार तरी स्वच्छ हवा, आणि इथे मूर्तीचा मुकुट त्याच्या डोक्यात मिसळून दोघांचा एकच गोळा झालाय. दोन पावलं उजवीकडे सरकली असतीस तर मुकुट, सोंड आणि मुलाचं नाक वेगवेगळं दिसलं असतं.

साच्याचा आणि रंगाच्या डब्यांचा फोटो ठीक आहेत, नीट आहेत, पण या संचात नसले तरी चालेल. असे फोटो कुठल्याही कारखान्यात निघतात.

आता तो सहावा, ज्याखाली तू "चुकून आला, डिलीट करू का?" लिहिलंयस. उंबऱ्यावर पडलेले मातीच्या पायांचे ठसे, बाजूला पावसाने ओली झालेली चप्पल. डिलीट करू नकोस! कितीतरी वेळ मी त्या फोटोपुढे बसून होतो. त्यात मूर्ती नाही, माणूसही नाही, तरी दिवसभर आतबाहेर करणारं कोणीतरी दिसतं. युजीन स्मिथ यांनी १९४८ साली 'लाइफ' मासिकासाठी कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरचे फोटो काढले, त्याच्याबरोबर २३ दिवस राहून. त्यातला शस्त्रक्रियेनंतर कॉफीचा कप हातात धरून थकून टेकलेला डॉक्टर लोकांच्या लक्षात राहिला. त्या फोटोत पेशंट नाही. तुझ्या उंबऱ्याच्या फोटोची जात तीच आहे.

इथेच मला तुझ्याशी मुख्य बोलायचं आहे. बाकीच्या पाच फोटोंत तू गणपतीकडे बघत होतीस. गणपती सुंदरच असतो, त्याचा फोटो वाईट येत नाही, म्हणून नजर तिकडे ओढली जाते. पण सांगण्यासारखं जे आहे ते माती लागलेल्या माणसांत आहे. पाचही फोटो उभं राहून, एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून काढलेत. आजी जमिनीवर बसतात आणि तू वरून बघतेस. खाली बस. शेजारी बस, त्यांनी चहा दिला तर पी, तासभर कॅमेरा मांडीवर राहू दे. मग अगदी जवळ जाऊन नुसते हात घे, आणि एकदा रस्त्यापलीकडे जाऊन पूर्ण कारखाना, पत्रे, पाऊस, टेम्पो सगळं एका फ्रेममध्ये घे. ही दोन्ही टोकं तुझ्याकडे नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला आपण कुठे आलोय ते कळत नाही आणि कोणाकडे आलोय तेही.

क्रम मी असा लावला असता: आधी तो रस्त्यावरून घ्यायचा फोटो, मग उंबऱ्यावरचे ठसे, मग हात, मग आखणी (ती पुन्हा काढावी लागेल), आणि शेवटी मूर्ती घेऊन बाहेर पडणारा मुलगा.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नकोस, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. येत्या रविवारी सकाळी सातला निघ, मीही येतो. आणि आजींचा फोटो, डोळा मऊ आहे तरी, ८ बाय १२ इंची मॅट कागदावर छापून घे. त्यांच्यासाठी न्यायचा आहे.

तुझा,
मामा